वर्कशॉपच्या बाकावरून – भाग १४ : तिसऱ्यांदा जळालेली मोटार

मागच्या आठवड्यात आपण बेअरिंगच्या आवाजाबद्दल बोललो. या वेळी एक चिठ्ठी देतो. विहिरीवरची पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे भरायला आली. मालकांचा समज होता की माझं वायंडिंगच कच्चं आहे. भरलेल्या मोटारीबरोबर मी त्यांना हे लिहून पाठवलं.

तात्या, नमस्कार.

मोटार भरून तयार आहे, पण ती चालू करण्याआधी एवढं वाचा. जुनी तार मी मुद्दाम फेकलेली नाही, पोत्यात बांधून पाठवली आहे. उघडल्यावर स्टेटर जसा दिसला त्याचा फोटोही तुमच्या मुलाच्या मोबाइलवर आहे. त्यात कॉइलचे सहा गठ्ठे दिसतील. समोरासमोरचे दोन कोळशासारखे काळे आहेत आणि उरलेले चार मधाच्या रंगाचे, जसे मी भरले होते तसेच. वायंडिंग कच्चं असतं तर एका जागी तार वितळून तांब्याचा मणी झाला असता. मोटारीवर लोड जास्त आला असता तर सहाही गठ्ठे सारखेच करपले असते. तुमची मोटार डेल्टा जोडणीची आहे. डेल्टात एकाच फेजचे गठ्ठे जळाले, तर मोटार दोन फेजवर चालत राहिली असं समजायचं. मागच्या दोन्ही वेळी मीसुद्धा तार काढून थेट भरायला घेतली, नीट पाहिलं नाही. ती चूक माझी.

आता काय होतं ते सांगतो. तुमची मोटार तीन फेजवर साधारण ६ अँपिअर घेते. आत प्रत्येक वायंडिंगमधून साडेतीन अँपिअर जातो. डीपीच्या पेटीतला एक फ्यूज उडाला तरी फिरती मोटार थांबत नाही. पाणी तेवढंच उचलायचं असल्यामुळे उरलेल्या दोन तारांतून ती १०.४ अँपिअर ओढते. त्यातला जवळजवळ ७ अँपिअर एकट्या वायंडिंगवर येतो, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. करंट दुप्पट झाला की त्या तारेतली उष्णता चौपट होते. बाकीच्या दोन वायंडिंगना काहीच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहे की. आहे, पण सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी त्याचा काटा १० वर नेला होता. दहावर लावलेला रिले १०.४ ला हलतही नाही. मी तो प्लेटवरच्या साडेसातवर आणला आहे, तो हलवू नका. तरीसुद्धा तेवढ्यावर भागत नाही. हा रिले तापून ट्रिप होतो, त्याला काही मिनिटं लागतात. शिवाय लोड कमी असला, तर बाहेरच्या तारेतला करंट साडेसातच्या आतच राहतो आणि आतली एक वायंडिंग मात्र तापत राहते.

स्टार्टरची कॉइल दोनच फेजवर आहे. तिसरा गेला तर ती सुटत नाही. रात्री ऑटो स्विचवर लाइट आली आणि एक फेज नसला, तर त्याहून वाईट. मोटार फिरतच नाही, नुसती गुणगुणते आणि चालू करंटच्या चार-पाच पट ओढते.

म्हणून फेज फेल्युअर रिले बसवायचा. त्याला तिन्ही फेज स्टार्टरच्या आधीपासून द्यायचे आणि कॉइलची एक तार त्याच्या कॉन्टॅक्टमधून फिरवायची. फेज गेला की दोन-चार सेकंदांत कॉइल सुटते. मात्र असमतोल ओळखणारा रिलेच घ्या. फिरती मोटार गेलेल्या फेजवरही स्वतः बराचसा व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिन्ही दिवे लागलेले दिसतात आणि फेज आहे की नाही एवढंच बघणारा रिले फसतो.

याची एक मर्यादाही आहे. स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळाला किंवा पुढची केबल तुटली, तर आधी जोडलेल्या रिलेला ते दिसत नाही. तुमच्या स्टार्टरचा मधला कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळा झालाय, तो बदलूनच मोटार जोडू. पाणी संपलं, पंप अडकला, तर त्यासाठीही हा रिले नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारतो. पेटीत कपॅसिटर दिसला. दोन फेजवर मोटार चालवायला तो लावला असेल, तर रिले बसल्यावर तसं चालणार नाही. काही रात्री पाणी चुकेल. उसाला पाणी लागतं हे मला कळतं, पण त्या रात्री रिलेची तार काढून थेट जोडू नका. तसंच करायचं असेल तर आत्ताच सांगा, मी रिले बसवत नाही.

एका भरणावळीपेक्षा रिले स्वस्त पडेल. रविवारी सकाळी येतो. जोडून झाल्यावर मोटार चालू ठेवू, मेन स्विचचा एक-एक फेज वेगवेगळा तोडून बघू. तिन्ही वेळा स्टार्टर तुमच्या समोर सुटला, की मगच पैसे द्या.