शंभर मीटरवरचा हापसा आणि लॉजिस्टिक रिग्रेशन

बांगलादेशात ढाक्याजवळ आराईहजार नावाचा उपजिल्हा आहे. तिथल्या घरांच्या अंगणातल्या हापशांच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या आर्सेनिक उतरतं. संशोधकांनी तिथल्या हापशांचं पाणी तपासलं आणि कोणता हापसा सुरक्षित, कोणता नाही, हे घरोघरी सांगितलं. देशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक अशी आहे. त्याहून जास्त आढळलं तर हापसा असुरक्षित. काही वर्षांनी ते परत गेले आणि असुरक्षित हापसा असलेल्या घरांना विचारलं, तुम्ही पाण्यासाठी दुसरा हापसा धरला का? अँड्र्यू गेलमन आणि जेनिफर हिल यांच्या २००७ सालच्या पाठ्यपुस्तकात अशा ३,०२० घरांची माहिती आहे. त्यांतल्या सुमारे ५७ टक्के घरांनी हापसा बदलला होता.

प्रश्न असा, की सुरक्षित हापसा जितका लांब तितके लोक तिथे जायला कमी राजी होतात का, आणि किती कमी? उत्तर ‘बदलला’ किंवा ‘नाही बदलला’ एवढंच आहे. आपल्याला हवी आहे ती प्रत्येक अंतराला हापसा बदलण्याची शक्यता.

पहिला विचार सरळ रेषेचा येतो: अंतर वाढेल तशी शक्यता ठरावीक टक्क्यांनी उतरते असं मानायचं. अडचण अशी, की सरळ रेषेला थांबणं माहीत नसतं. पुरेशा लांब अंतराला ती शून्याच्या खाली जाते आणि दुसऱ्या टोकाला १०० टक्क्यांच्या वर. उणे पाच टक्के शक्यता म्हणजे काय, याला उत्तर नाही. मग शक्यता अशा मापात न्यायची, की ते माप दोन्ही बाजूंना कितीही पसरू शकेल, आणि सरळ रेषा तिथे ओढायची.

हा प्रवास दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी ऑड्सची. घडण्याच्या शक्यतेला न घडण्याच्या शक्यतेने भागलं, की ऑड्स मिळतात. शक्यता ८० टक्के असेल तर ८० भागिले २०, म्हणजे ऑड्स ४. शक्यता ५० टक्के असेल तर ऑड्स १. शक्यता २० टक्के असेल तर ऑड्स पाव, म्हणजे ०.२५. ऑड्सना वरची मर्यादा नाही. शक्यता ९९ टक्के झाली की ते ९९ होतात. खाली मात्र शून्याशी ते अडतात, शिवाय त्यांचं माप एका बाजूला कललेलं आहे. ‘घडणार’च्या बाजूला १ पासून अनंतापर्यंत जागा आणि ‘घडणार नाही’च्या बाजूला फक्त १ ते शून्य.

दुसरी पायरी लॉगची. ऑड्सचा नैसर्गिक लॉग घेतला की कल निघून जातो. ४ चा लॉग १.३९ आणि ०.२५ चा उणे १.३९. म्हणजे ८० आणि २० टक्के हे शून्याच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर बसले. ५० टक्क्यांचे लॉग ऑड्स शून्य. आता दोन्ही टोकं मोकळी झाली आणि सरळ रेषा कुठेही गेली तरी बिघडत नाही.

परत येण्याची वाट हाच सिग्मॉइड वक्र. लॉग ऑड्स दिले असता तो शक्यता सांगतो:

```
p = 1 / (1 + exp(-z))
```

यात z म्हणजे लॉग ऑड्स. आकडे घालून पाहू. z शून्य असेल तर शक्यता ५० टक्के, १ असेल तर ७३, २ असेल तर ८८, ३ असेल तर ९५, ४ असेल तर ९८. प्रत्येक वेळी आपण एकच पाऊल पुढे गेलो, पण पहिल्या पावलाने २३ टक्के दिले आणि चौथ्याने जेमतेम तीन. वक्र मधोमध सर्वांत चढा आहे आणि टोकांकडे सपाट होत जातो, म्हणून त्याचा आकार ताणलेल्या इंग्रजी एससारखा दिसतो. पुढचं बरंचसं यावर अवलंबून आहे.

आता आराईहजारला जाऊ. अंतर शंभर मीटरच्या एककात घेतलं, तर लॉजिस्टिक रिग्रेशनमधून आलेलं समीकरण असं आहे:

लॉग ऑड्स = ०.६१ − ०.६२ × अंतर

सुरक्षित हापसा अगदी शेजारी असेल तर अंतर शून्य आणि लॉग ऑड्स ०.६१. सिग्मॉइडमधून ते काढले की शक्यता ६५ टक्के येते. १०० मीटरला लॉग ऑड्स उणे ०.०१ आणि शक्यता ५० टक्के. २०० मीटरला ३५ टक्के, ३०० मीटरला २२ टक्के. पहिल्या दोन शंभर मीटरला पंधरा-पंधरा टक्क्यांची घट आहे, तिसऱ्याला तेराच्या आत. आणखी लांब गेलं तर घट आणखी आक्रसेल. मग ‘शंभर मीटरने किती फरक पडतो’ याचं टक्क्यांतलं एकच उत्तर देता येत नाही.

एकच उत्तर ऑड्समध्ये आहे. वरच्या चार अंतरांचे ऑड्स १.८४, ०.९९, ०.५३ आणि ०.२९ आहेत. प्रत्येकाला मागच्याने भागून पाहा, दर वेळी ०.५४ च्या आसपास येतं. कारण लॉगमधली बेरीज ही मूळ मापातला गुणाकार असते. लॉग ऑड्समध्ये उणे ०.६२ मिळवणं म्हणजे ऑड्सना ई या स्थिरांकाच्या उणे ०.६२ व्या घाताने, म्हणजेच ०.५४ ने गुणणं. सहगुणकाचा असा घात घेतला की जो आकडा येतो, तो ऑड्सचा गुणक. वाचन असं करायचं: सुरक्षित हापसा आणखी १०० मीटर लांब असेल, तर हापसा बदलण्याचे ऑड्स ०.५४ पट, म्हणजे जवळजवळ निम्मे होतात. कुठल्याही अंतरापासून सुरुवात करा, गुणक तोच राहतो.

इथे एककाकडे लक्ष हवं. अंतर मीटरमध्ये घेतलं असतं तर सहगुणक उणे ०.००६२ आला असता आणि गुणक ०.९९४. गणित तेच, पण निकालात तो आकडा पाहून अंतराचा काही परिणामच नाही असं वाटून जातं. एका मीटरसाठी कोणी निर्णय बदलत नाही. शंभर मीटर मात्र डोक्यावर किंवा कमरेवर घागर घेऊन चालायचे असतात.

लांब जायचं की नाही हे आपल्या पाण्यात विष किती, यावरही ठरणार. म्हणून आर्सेनिकचं प्रमाण समीकरणात घेतलं, लिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या एककात. आर या भाषेत हे काम दोन ओळींचं आहे:

```
fit <- glm(switch ~ dist100 + arsenic, family = binomial, data = wells)
exp(coef(fit))
```

पहिली ओळ सहगुणक काढते, दुसरी त्यांचे गुणक. आर्सेनिकचा सहगुणक ०.४६ येतो आणि गुणक १.५८. अंतराचा सहगुणक मात्र उणे ०.६२ वरून उणे ०.९० वर गेला आणि गुणक ०.५४ वरून ०.४१ वर. याचं कारण त्या गावांच्या जमिनीत आहे: जे हापसे जास्त दूषित, त्यांच्यापासून सुरक्षित हापसा सहसा जास्त लांब असतो. आधीच्या समीकरणात लांबच्या घरांना विषाची भीतीही जास्त होती आणि ती अंतराचा परिणाम थोडा झाकत होती. आता वाचन ‘आर्सेनिक सारखंच असलेल्या दोन घरांत’ असं करायचं. गुणक कधीच एकटा वाचायचा नसतो. सोबत कोणते घटक समीकरणात आहेत हे सांगावं लागतं.

आता आर्सेनिकचा १.५८ घेऊ. सुरक्षित हापसा ५० मीटरवर आहे आणि स्वतःच्या पाण्यात १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे, असं घर घ्या. नव्या समीकरणाने त्याचे लॉग ऑड्स ०.०१ येतात, म्हणजे शक्यता ५० टक्के. आर्सेनिक २०० असेल तर ऑड्स १.५८ पट होतात आणि शक्यता ६१ टक्के. बातमीत किंवा अहवालात हेच ‘शक्यता ५८ टक्क्यांनी वाढली’ असं छापून येतं आणि ते चूक आहे. शक्यता ५० वरून ६१ झाली, म्हणजे १.५८ पट नव्हे, सुमारे १.२ पट. घटना दुर्मीळ असेल, समजा २ टक्के, तर ऑड्स १.५८ पट झाल्यावर शक्यता ३.१ टक्के होते आणि दोन्ही ‘पट’ जवळपास एक होतात. म्हणून दुर्मीळ आजारांच्या अभ्यासात ही गल्लत खपून जाते. आराईहजारसारख्या निम्म्या-निम्म्या प्रसंगात ती खपत नाही.

कागद-पेन्सिलीने अंदाज हवा असेल तर सहगुणकाला चारने भागावं. सिग्मॉइडचा मधला चढ नेमका एक चतुर्थांश असतो, म्हणून ०.४६ भागिले ४, म्हणजे सुमारे ११ टक्के, ही एका एककाने शक्यतेत होणारी जास्तीत जास्त वाढ. वर ५० वरून ६१ झाली ती हीच. टोकांकडे वाढ याहून कमीच असेल: त्याच घरात आर्सेनिक ५०० वरून ७०० झालं, म्हणजे दोन एककं वाढलं, तरी शक्यता ८६ वरून ९४ एवढीच चढते.

अडतं कुठे, तेही पाहायला हवं. गुणक सगळीकडे सारखाच असतो हे समीकरण गृहीत धरतं, सिद्ध करत नाही. पडताळा सोपा आहे: घरं आर्सेनिकच्या क्रमाने लावून त्यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटात प्रत्यक्ष बदललेल्यांचं प्रमाण समीकरणाच्या अंदाजाशी ताडून बघा. गेलमन आणि हिल यांनी हे केलं, तेव्हा मर्यादेच्या थोडं वर आर्सेनिक असलेल्या घरांनी अंदाजापेक्षा बराच कमी हापसा बदलल्याचं दिसलं. त्यांनी आर्सेनिकऐवजी त्याचा लॉग घेतला आणि जुळणी सुधारली. मात्र तसं केलं की गुणकाचा अर्थही बदलतो: तो आता शंभर मायक्रोग्रॅमचा राहत नाही, आर्सेनिक किती पट झालं याचा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या अहवालात ‘१.५८ पट’ असा आकडा दिसला, तर तीन गोष्टी तपासा: एकक कोणतं, सोबत कोणते घटक स्थिर धरलेत आणि सुरुवातीची शक्यता किती होती. तिसरी गोष्ट अहवालात दिलेली नसेल, तर त्या आकड्यावरून शक्यता किती बदलली हे कोणालाच सांगता येणार नाही.