पीएफच्या आकड्यामागचा मूळ पगार

कपातीच्या रकान्यात ‘पीएफ 2,640’ असं छापलेलं आहे आणि मिळकतीच्या बाजूला मात्र ‘एकूण पगार 41,500’ एवढी एकच रक्कम आहे. त्यात मूळ पगार किती, भत्ते किती, याचा पत्ता नाही. अशा पगारपावत्या छोट्या कारखान्यांत, ठेकेदारांकडे आणि खासगी संस्थांत आजही हातात पडतात. मूळ पगार शोधायला तिथे पीएफची ही एक ओळ बहुतेकदा पुरते.

हिशेब साधा आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी सर्वसाधारणपणे 12 टक्के कापले जातात. म्हणून कापलेल्या रकमेला 100 ने गुणून 12 ने भागायचं. 2,640 गुणिले 100 म्हणजे 2,64,000. त्याला 12 ने भागलं की 22,000 येतात. पीएफची रक्कम पूर्ण रुपयात लिहिली जाते, त्यामुळे उत्तरात चार-पाच रुपयांचा फरक राहू शकतो. त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

मात्र हे 22,000 म्हणजे नेमकं काय, हे नीट पाहायला हवं. पीएफ नुसत्या मूळ पगारावर कापला जात नाही, त्यात महागाई भत्ताही धरला जातो. महाराष्ट्रात किमान वेतनावर काम करणाऱ्यांच्या पावतीवर मूळ वेतनाशेजारी ‘विशेष भत्ता’ असतो. तो महागाई निर्देशांकानुसार बदलतो, म्हणजे नाव वेगळं असलं तरी तो महागाई भत्ताच. समजा, पीएफ 1,560 रुपये आहे. उलट हिशेबाने 13,000 येतात. पावतीवर विशेष भत्ता 4,600 असेल, तर तो वजा करून मूळ वेतन 8,400 निघतं. खासगी कार्यालयांत बहुधा महागाई भत्ता नसतो, तिथे आलेली रक्कम थेट मूळ पगार मानता येते.

महिन्यात बिनपगारी रजा झाली असेल, तर आणखी एक पायरी लागते. त्याच 22,000 मूळ पगाराच्या माणसाच्या 30 दिवसांच्या महिन्यात दोन दिवस बिनपगारी गेले, तर पीएफ 2,464 दिसेल. त्यावरून 20,533 रुपये येतात. ही 28 दिवसांची रक्कम झाली. तिला 28 ने भागून 30 ने गुणलं की पुन्हा 22,000. काही कंपन्या महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून पावतीवरचे ‘भरलेले दिवस’ आणि भागाकाराचे दिवस एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी बघावं. थकबाकी मिळालेला महिना तर या हिशेबासाठी घेऊच नये, कारण मागच्या महिन्यांचा पीएफही त्यात मिसळलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो 1,800 हा आकडा. सप्टेंबर 2014 मध्ये पीएफसाठीची वेतनमर्यादा 6,500 वरून 15,000 रुपये झाली. 15,000 चे 12 टक्के म्हणजे 1,800. मूळ पगार त्याहून जास्त असला तरी मर्यादेपुरताच पीएफ कापण्याची मुभा मालकाला आहे आणि पुष्कळ कंपन्या तसंच करतात. त्यामुळे 1,800 दिसले की मूळ पगार 15,000 असेल, 25,000 असेल किंवा 60,000 सुद्धा. एवढंच कळतं की तो 15,000 पेक्षा कमी नाही. त्याआधीच्या काळातल्या पावत्यांवर हीच जागा 780 या आकड्याची होती, कारण 6,500 चे 12 टक्के 780 होतात.

अशा वेळी बिनपगारी रजेचा महिनाच उपयोगी पडतो. मूळ पगार खरोखर 15,000 असेल, तर दोन दिवस कापले गेल्यावर तो 14,000 उरतो आणि पीएफ 1,680 वर येतो. मूळ पगार 40,000 असेल, तर दोन दिवस गेले तरी 37,333 उरतात. मर्यादेच्या ते कितीतरी वर आहेत, म्हणून पीएफ जागचा हलत नाही. काही कंपन्या मर्यादाही दिवसांच्या प्रमाणात कमी करतात. तिथे ही खूण चालत नाही आणि नेमणूकपत्राकडेच वळावं लागतं. घरभाडे भत्त्याची दुप्पट किंवा अडीचपट करून मूळ पगार काढणारेही असतात. पण भत्ता मूळ पगाराच्या 40 किंवा 50 टक्के ठेवण्याचं खासगी कंपन्यांवर बंधन नाही, त्यामुळे तो अंदाजच ठरतो.

दुसरी अडचण स्वेच्छेने वाढवून घेतलेल्या पीएफची. ती ओळखायला पासबुक उघडावं. तिथे दर महिन्याचा कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनची रक्कम वेगवेगळी दिसते. मालकाचा हिस्सा आणि पेन्शन यांची बेरीज एरवी कर्मचाऱ्याच्या हिश्श्याएवढी असते. समजा, कर्मचाऱ्याचे 3,000 आहेत, मालकाचे 550 आणि पेन्शनचे 1,250. मालकाची बेरीज 1,800 झाली, म्हणजे वरचे 1,200 कर्मचाऱ्याने जास्तीचे भरले आहेत. इथे 3,000 वरून 25,000 मूळ पगार काढला तर तो चुकीचा ठरेल. याच पासबुकात ज्या वेतनावर पीएफ भरला ती रक्कमही नोंदलेली असते, तिच्याशी आपलं उत्तर ताडून बघता येतं. दराचीही खात्री करावी. वीसपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना, तसंच विडी, ताग, वीटभट्टी, काथ्या अशा काही उद्योगांत तो 10 टक्के आहे. मे ते जुलै 2020 या टाळेबंदीच्या महिन्यांतही बहुतेक खासगी आस्थापनांसाठी तो तेवढाच होता.

या उलट्या हिशेबाचा खरा फायदा कामगाराला होतो, तो आलेला आकडा एकूण पगाराशेजारी ठेवल्यावर. एका कामगाराचा एकूण पगार 24,000 आणि पीएफ 1,080 आहे, असं धरू. उलट हिशेबाने येतात 9,000. उरलेल्या 15,000 पैकी 4,000 घरभाडे भत्ता आणि 11,000 ‘विशेष’, ‘प्रवास’, ‘धुलाई’ अशा नावांनी सगळ्या कामगारांना दरमहा सरसकट मिळणारे भत्ते. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी पश्चिम बंगालमधल्या विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात निर्णय दिला, की सर्वांना सरसकट आणि नियमित मिळणारे भत्ते मूळ वेतनाचाच भाग आहेत आणि त्यांच्यावर पीएफ भरला पाहिजे. घरभाडे भत्ता कायद्याच्या व्याख्येनेच बाहेर आहे. म्हणजे या कामगाराचं पीएफसाठीचं वेतन 9,000 अधिक 11,000, असं 20,000 होतं. मर्यादा लावली तरी 15,000 वर 1,800 कापायला हवे होते.

फरक महिन्याला 720 रुपयांचा. कामगाराच्या हातात तेवढे कमी पडले असते हे खरं, पण मालकालाही आपल्या बाजूने आणखी 720 भरावे लागले असते. पेन्शनचा हिस्साही 9,000 ऐवजी 15,000 वर मोजला गेला असता, म्हणजे 750 च्या जागी 1,250. निवृत्तीनंतरची पेन्शन याच वेतनावर ठरते, म्हणून हा फरक पुढे आयुष्यभर पुरतो. असा फरक आढळला, तर त्या महिन्याची पावती, पासबुकातली नोंद आणि भत्त्यांची फोड एकत्र करून आधी आस्थापनेला लेखी विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर हीच कागदपत्रं जोडून भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या `EPFiGMS` या तक्रार संकेतस्थळावर आपल्या यूएएन क्रमांकासह तक्रार नोंदवता येते.