दोन एकर हवेत, पण कशासाठी?

समजा, आईवडील गेल्यावर चार एकर जमीन बहीण-भावाच्या नावावर आली. खालचे दोन एकर काळ्या मातीचे, विहिरीवर भिजणारे. वरचे दोन एकर मुरमाड, पण डांबरी रस्त्याला लागून. भाऊ गावात राहून शेती करतो, बहीण शहरात नोकरी करते.

ताई म्हणते, "2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही सारखाच हक्क आहे. विहिरीपासून रस्त्यापर्यंत उभी फाळणी कर." भाऊ म्हणतो, "जमीन तोडायची नाही. पैसे घे आणि हक्कसोड पत्र दे." दोघं आपापल्या मागणीवर ठाम. मग बोलणी म्हणजे कोण किती माघार घेतो एवढंच उरतं. मध्यस्थ नातेवाईक उभी फाळणीच सुचवतील. ती कागदावर समान दिसेल. पण पाइपलाइन तुटेल, विहीर एकाच्या हद्दीत जाईल, पाण्याच्या पाळ्यांवरून दर उन्हाळ्यात वाद होईल, आणि ताईकडे न कसलेली काळी माती पडून राहील.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 मध्ये 'गेटिंग टू येस' या पुस्तकात वेगळी वाट मांडली: मागणी बाजूला ठेवून त्यामागची गरज शोधा. इथे विचारायचं ते एवढंच, "ही जमीन तुला कशासाठी हवी?" भावाला विहीर आणि भिजणारं रान हवं, कारण त्याचं घर त्यावर चालतं, एकदम मोठी रक्कम द्यायला त्याच्याकडे नाही. ताईला शेती करायचीच नाही. निवृत्तीनंतर गावात घर बांधावं, सातबाऱ्यावर आपलं नाव असावं, आणि दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला पैसे हाताशी असावेत, हे तिच्या मनात आहे. हक्कसोडाच्या नुसत्या उल्लेखाने ती दुखावली, ती माहेरचं नाव पुसलं जाईल म्हणून. माझ्या मते भावकीची बरीच भांडणं अशा न बोललेल्या दुखण्यावर अडतात.

आता तोडगा दिसतो. खालचं रान भावाला, रस्त्यालगतचं ताईला. दर ठरवताना कोणाचा हट्ट नको. गावातली अलीकडची खरेदीखतं पाहावीत. त्यांवरून खालच्या रानाची किंमत 40 लाख आणि वरच्याची 32 लाख निघाली असं धरू. एकूण 72, म्हणजे प्रत्येकाचे 36. भावाने ताईला 4 लाख द्यायचे, तेही दोन हप्त्यांत, दुसरा मुलीच्या प्रवेशाच्या वेळी.

दोघंही शेतकरी असते तर विहिरीवरची गरज खरोखरच एकमेकींवर आदळली असती. तेव्हा विहीर सामाईक ठेवून पाळ्या लिहून घ्याव्या लागतात. समोरचा बोलायलाच तयार नसेल, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा उरतो. ताईने तो पर्याय माहीत करून घेऊनच बोलणीला बसावं, म्हणजे आपली गरज उघड सांगितली तरी कोणी तिला पडत्या भावात गप्प करू शकणार नाही.