चाळीस दिवस थकलेल्या बिलाचे स्मरणपत्र

लहान छापखान्याची उधारी इतर दुकानदारीपेक्षा जास्त अडचणीची असते, कारण छापलेल्या मालाला दुसरे गिऱ्हाईक नसते. एका क्लासच्या नावाची माहितीपुस्तिका दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. माल ताब्यात गेला की छापखान्याच्या हाती फक्त बिल आणि चलन उरते. कागदाच्या व्यापाऱ्याचे पैसे मात्र त्याआधीच चुकते झालेले असतात. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या छापखान्याला बिलावरचा करही बिलाच्या तारखेनुसार भरावा लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. अशा वेळी पाठवलेल्या स्मरणपत्राला पैसे आणायचे असतात आणि पुढच्या हंगामाचे कामही टिकवायचे असते.

त्याची रीत एका कल्पित उदाहरणावरून नीट कळते. पुण्यातील एका लहान ऑफसेट छापखान्याने एका खासगी क्लाससाठी माहितीपुस्तिकेच्या २,००० प्रती छापल्या. १ एप्रिलला माल पोहोचला आणि त्याच दिवशी करासह ६४,९०० रुपयांचे बिल झाले. २५,००० रुपये आगाऊ मिळाले होते, म्हणून बाकी ३९,९०० रुपयांची. मंजूर कोटेशनमध्ये तीस दिवसांची मुदत होती. ती १ मे रोजी संपली आणि १० जूनला तिच्यावर चाळीस दिवस उलटले.

पत्र लिहिण्याआधी फाइल उघडून चार कागद पाहायचे असतात: मंजूर कोटेशन, सही केलेले प्रूफ, माल मिळाल्याचा शिक्का असलेले चलन आणि बिल पोहोचल्याची खूण. त्यानंतर क्लासच्या हिशेब विभागाला एक फोन करावा. पुष्कळदा बिल मालकाच्या टेबलावर सहीसाठी पडून असते किंवा हिशेबनिसापर्यंत पोहोचलेलेच नसते. तसे असेल तर बिलाची प्रत पुन्हा पाठवून काम भागते. फोनवर ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी पत्र जावे. ते ज्याच्या सहीने पैसे सुटतात त्याच्या नावे असावे आणि त्याची प्रत हिशेब विभागाला द्यावी. या उदाहरणातले पत्र साधारण असे होईल:

सप्रेम नमस्कार,

आपल्या माहितीपुस्तिकेच्या २,००० प्रती १ एप्रिल रोजी आपल्याकडे पोहोचवल्या. त्यांचे त्याच तारखेचे बिल क्र. ११२ रु. ६४,९०० चे आहे. आगाऊ मिळालेले रु. २५,००० वजा जाता रु. ३९,९०० येणे आहे. कोटेशनमध्ये ठरल्याप्रमाणे ही रक्कम १ मेपर्यंत मिळायला हवी होती. आज त्याला चाळीस दिवस झाले.

कामाबद्दल आपली कोणतीही लेखी तक्रार आमच्याकडे नाही. बिलाबाबत काही शंका असल्यास कृपया १३ जूनपर्यंत लेखी कळवावे. शंका नसल्यास पूर्ण रक्कम १७ जूनपर्यंत बिलावरील बँक खात्यात जमा करावी. रक्कम आधीच पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा व या पत्राकडे दुर्लक्ष करावे.

आमचा छापखाना उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे. १७ जूनपर्यंत रक्कम न आल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार व्याजासह मागणी करावी लागेल. तशी वेळ येणार नाही, अशी खात्री आहे.

कळावे.
आपला नम्र

या पत्राचा ठामपणा त्यातल्या आकड्यांत आणि तारखांत आहे. ‘लवकरात लवकर पैसे द्यावेत’ असे लिहिले, तर हिशेबनिसाला ते बिल कोणत्या आठवड्यात घ्यायचे हे कळत नाही आणि ते मागेच राहते. १७ जून ही तारीख दिली की ठरलेल्या दिवशी पुढचे पाऊल टाकता येते. शंका विचारायला दिलेली मुदतही उपयोगी पडते. ‘छपाई फिकट होती’, ‘प्रती कमी भरल्या’ अशा सबबी पुढे निघणार असतील, तर त्या याच वेळी लेखी येतात. सौजन्य दिसते ते रक्कम आधीच पाठवली असण्याची शक्यता मान्य करण्यात आणि हेतूवर शंका न घेण्यात. ‘तुम्ही टाळाटाळ करता’ असे एक वाक्य लिहिले, तरी उत्तर त्या वाक्याला मिळते आणि रक्कम बाजूला राहते.

कायद्याचा उल्लेख नेमका असावा लागतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे असतात. ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा लांब ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरले नसेल, तर मुदत पंधरा दिवसांची. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची, तर तीही माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत घ्यायची असते. ती न घेतल्यास माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात.

उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला, तर व्याज वर्षाला साडेसोळा टक्के होते आणि ३९,९०० रुपयांवर चाळीस दिवसांचे सुमारे सव्वासातशे रुपये भरतात. एवढ्या रकमेसाठी पहिल्याच पत्रात व्याज मागून संबंध ताणण्यात अर्थ नाही. हक्काची नोंद करून ठेवणे पुरेसे आहे.

पत्रानंतर बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. गिऱ्हाईक हप्ते मागते. तेव्हा प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम त्याच्या सहीने लिहून घ्यावी. गिऱ्हाईक काही प्रतींबद्दल तक्रार करते. तेव्हा वादातल्या प्रतींची किंमत वेगळी काढून उरलेली रक्कम लगेच मागावी, म्हणजे पन्नास प्रतींच्या वादात २,००० प्रतींचे पैसे अडकत नाहीत. तिसरी शक्यता शांततेची. मग १८ जूनला व्याजाच्या हिशेबासह दुसरे पत्र पोचपावतीने पाठवावे आणि नवे काम पूर्ण आगाऊ रकमेवरच घ्यावे.

तेही निष्फळ ठरले, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवून पाहते आणि तो न झाल्यास प्रकरण लवादाकडे जाते. या मार्गासाठी उद्यम नोंदणी काम स्वीकारण्याआधीच केलेली असणे सुरक्षित असते. चाळीसेक हजारांच्या रकमेसाठी मात्र त्यात जाणारा वेळ आधी मोजून घ्यावा.

दिवाणी न्यायालयात अशा येण्याचा दावा लावायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. छापखान्याने कितीही स्मरणपत्रे पाठवली, तरी ती मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने सहीनिशी येणे कबूल केले किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद सही करून दिली, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून स्मरणपत्राला आलेले ‘थोडा वेळ द्या’ असे सहीचे उत्तर बिलाच्या फाइलला लावून जपून ठेवावे.