ऑरगॅनिक, बायोडायनॅमिक, सस्टेनेबल : वाईनच्या बाटलीवरचा शिक्का नेमकं काय सांगतो?

गोव्यातल्या वाईनच्या दुकानात फ्रान्स-इटलीच्या बाटल्यांवर आता हिरवी पानं, नारिंगी पट्टे आणि ‘सस्टेनेबल’ असे शब्द सर्रास दिसतात. ग्राहक त्या सगळ्यांचा अर्थ एकच लावतो : ‘केमिकल नाही, म्हणजे चांगली.’ खरं तर हे तीन शिक्के तीन वेगळ्या गोष्टींचे दाखले आहेत आणि त्यातला एकही ‘केमिकल अजिबात नाही’ असं म्हणत नाही.

पहिला शिक्का ऑरगॅनिकचा, म्हणजे सेंद्रियचा. तिघांपैकी सरकारी कायद्यात नेमकी व्याख्या असलेला हाच. युरोपात ही बाग किमान तीन वर्षं सेंद्रिय पद्धतीनं सांभाळावी लागते. रासायनिक खत, तणनाशक आणि कृत्रिम कीटकनाशक बंद, आणि दरवर्षी तपासणी. पण फवारणी बंद नाही. तासगाव-पलूसच्या किंवा विजयपूरच्या बागायतदाराला केवडा आणि भुरी काय करतात हे सांगायला नको. युरोपातला सेंद्रिय शेतकरीही केवड्यावर मोरचूदच मारतो, कारण तांबं आणि गंधक सेंद्रियच्या यादीत बसतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांतूनच आलं.

आता याचा हिशेब करून बघू. युरोपात तांब्यावर मर्यादा आहे : सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. मोरचुदात तांबं साधारण पाव भाग असतं. म्हणजे हेक्टरी १६ किलो, एकरी साडेसहा किलो मोरचूद झालं. एक टक्का बोर्डोत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद पडतं. एकराला ४०० लिटर फवारलं तर एका वेळेला ४ किलो जातं. या मापानं दीड फवारणीतच वर्षाची सरासरी संपते. म्हणून तिकडचा शेतकरी फार हलक्या मात्रेत फवारतो आणि ओल्या वर्षी वापरलेलं जास्तीचं तांबं कोरड्या वर्षी भरून काढतो. एवढी काटकसर का? तांबं मातीत विरून जात नाही, साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. थोडक्यात, सेंद्रिय शिक्का कोणती औषधं चालतील ते ठरवतो. फवारणीच झाली नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

हे झालं बागेचं. तळघरातली गोष्ट वेगळी. युरोपात २०१२ पर्यंत ‘सेंद्रिय वाईन’ असं लिहिताच येत नव्हतं, फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाईन’ एवढंच लिहिता यायचं. अडलं होतं सल्फाईटवर. वाईन बिघडू नये म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साईड घालतात. आपल्याकडच्या लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह २२० लिहिलेलं असतं, तेच हे. किती घालू द्यायचं यावर युरोपीय देशांचं एकमत होत नव्हतं. शेवटी २०१२ च्या नियमानं मर्यादा ठरली. साखर जवळपास नसलेल्या लाल वाईनला साध्या नियमात लिटरला १५० मिलिग्रॅम चालतं, सेंद्रियला १००. तशाच पांढऱ्या वाईनला २०० ऐवजी १५०. फरक आहे, पण ‘सल्फाईट नाही’ असा तो नाही.

अमेरिकेत मात्र ‘ऑरगॅनिक वाईन’ म्हणायचं तर वरून सल्फाईट घालताच येत नाही. म्हणजे ८० मिलिग्रॅम सल्फाईट असलेली एकच लाल वाईन युरोपात ‘सेंद्रिय वाईन’ ठरते. अमेरिकेत तिच्यावर फार तर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली’ असं लिहिता येतं आणि तिथला सरकारी गोल शिक्का तिला मिळत नाही. ज्यांना सल्फाईटचा त्रास होतो, दम लागतो, त्यांनी हिरव्या पानावर विसंबू नये. ‘कंटेन्स सल्फाईट्स’ ही ओळ शोधावी. युरोपात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ती छापावीच लागते.

दुसरा शिक्का बायोडायनॅमिक. ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघाली. दाखला देणारी सर्वांत मोठी संस्था डेमेटर. ती खासगी आहे, सरकारी नाही. आधी सेंद्रियचा दाखला हवा आणि त्यावर डेमेटरचे जादा नियम. तांब्याची मर्यादा आणखी खाली, आणि तळघरात बाहेरून काय घालायचं यावरही जास्त बंधनं. शिवाय ठरावीक तयारी वापरावीच लागते. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढून हेक्टरी साधारण १०० ग्रॅम पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं. आपल्याकडचे सेंद्रियवाले याला शिंगखत म्हणतात.

त्यानं फरक पडतो का? कॅलिफोर्नियात मर्लो द्राक्षांच्या एका बागेत काही वाफे नुसते सेंद्रिय ठेवले आणि काहींना या तयारीही दिल्या. पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. म्हणजे डेमेटरचा शिक्का ‘ही कृती झाली’ एवढं खात्रीनं सांगतो, तिचा परिणाम झाला हे सांगत नाही. तरी ग्राहकाच्या हाताला एक पक्की गोष्ट लागते : सेंद्रियपेक्षा कडक नियम आणि त्यांची तपासणी.

तिसरा शब्द सस्टेनेबल. सर्वांत जास्त सांभाळून वाचायचा तो हाच, कारण त्याला सगळीकडे लागू होणारी एक व्याख्या नाही. प्रत्येक देशाची, कधी प्रत्येक भागाची योजना वेगळी. न्यूझीलंडची वेगळी, कॅलिफोर्नियाची वेगळी. बहुतेक योजनांत पाणी, वीज, कचरा आणि कामगार यांचा विचार असतो, जो सेंद्रियच्या नियमांत फारसा नसतो. ही त्यांची जमेची बाजू. पण रासायनिक तणनाशक किंवा कीटकनाशक त्यांत सरसकट बंद नसतं.

फ्रान्सच्या एचव्हीई शिक्क्याचं उदाहरण बोलकं आहे. तो मिळवायचे २०२२ पर्यंत दोन मार्ग होते. दुसऱ्या मार्गात काही जमीन झुडपं, कुंपणं, गवत अशा निसर्गासाठी राखायची आणि खतं-औषधांसारख्या विकतच्या निविष्ठांचा खर्च उलाढालीच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा. समजा, दोन बागायतदारांनी सारखीच २० लाखांची खरेदी केली. एकाची महागडी वाईन १ कोटीला विकली गेली. त्याचा खर्च २० टक्के, तो पास. दुसऱ्याची स्वस्त वाईन ५० लाखांना गेली. त्याचा खर्च ४० टक्के, तो नापास. फवारणी दोघांची तीच! टीका झाली आणि २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत हा मार्ग बंद झाला. पण जुन्या सालाच्या बाटलीवरचा एचव्हीई कोणत्या मार्गानं आला, हे लेबल सांगत नाही.

मग दुकानात काय करायचं? बाटली फिरवा आणि मागचं लेबल वाचा. युरोपीय सेंद्रिय बाटलीवर ताऱ्यांचं हिरवं पान असतं आणि त्याच्याजवळ तपासणी संस्थेचा सांकेतिक क्रमांक. त्यात देशाची दोन अक्षरं, ‘बायो’सारखा शब्द आणि आकडा असतो. पान आहे पण क्रमांक नाही, तर शंका घ्या. भारतातल्या वाईनवर ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर सरकारी सेंद्रिय चिन्ह शोधा. दाखला देणाऱ्या संस्थेचं नाव न देता नुसतं ‘बायोडायनॅमिक पद्धतीनं’ लिहिलं असेल, तर तो वाईन बनवणाऱ्याचा स्वतःचा शब्द समजा. आणि ‘सस्टेनेबल’ पुढे योजनेचं नावच नसेल, तर ती निव्वळ जाहिरात.

चव, डोकेदुखी किंवा तब्येत यांची हमी मात्र यातला कुठलाच शिक्का देत नाही. मद्यार्क तेवढाच असतो.