ताबा पावतीवरची सही

नव्या फ्लॅटचं पझेशन घेताना बिल्डरच्या ऑफिसात जे कागद पुढे सरकवले जातात, त्यांत एक वाक्य हमखास असतं. ‘सदर सदनिकेची मी पाहणी केली असून बांधकामाचा दर्जा, क्षेत्रफळ आणि सोयीसुविधा यांबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी हा कागद सहीला येतो तेव्हा घेणाऱ्याने फ्लॅट नीट पाहिलेलाही नसतो. आधी शेवटचा हप्ता, मग सह्या, मग पेढा, मग किल्ली, असा क्रम ठरलेला असतो.

या सहीने नेमकं काय होतं? लोक दोन टोकाच्या गोष्टी धरून बसतात. काहींना वाटतं, सही केली म्हणजे सगळे हक्क गेले. काहींना वाटतं, रेरा आहे, पाच वर्षं बिल्डर बांधील आहे, मग आता घाई कशाला? दोन्ही समज अर्धवट आहेत.

रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष नजरेला आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा असतो. नाही केला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. ‘तक्रार नाही’ असं लिहून घेतल्याने ही जबाबदारी संपत नाही. पण वाद उभा राहिला की प्रश्न पुराव्याचा येतो. सहा महिन्यांनी बाथरूममधून ओल आली, तर ती तुम्ही आणली असं कोणी म्हणणार नाही. खिडकीच्या काचेवरचा ओरखडा, वॉशबेसिनचा उडालेला टवका किंवा किचन ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेला तडा दाखवला, तर पहिलं उत्तर मिळतं, ‘तुमच्या सुताराने केलं असेल.’ आणि हातात तुमच्याच सहीचा कागद असतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारे दोष त्याच दिवशी कागदावर यायला हवेत. लपलेल्या दोषांना पाच वर्षं आहेत, पण त्यांचा माग काढायला सुरुवातही तेव्हाच केलेली बरी.

समजा, पुण्यात रावेतला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पझेशनचं पत्र एप्रिलमध्ये आलं. पाहणी दिवसा करायची आणि वीज-पाणी सुरू असताना करायची, ही पहिली अट बिल्डरला ईमेलने कळवायची. नळाला पाणी नसेल तर बाथरूमचं काहीच कळत नाही आणि मीटर बसलेलं नसेल तर विजेचं. ‘आत्ता टाकीत पाणी नाही, बाकीचं बघून घ्या’ असं साइट इंजिनिअर म्हणाला, तर त्या दिवसाला पाहणी म्हणायचं नाही. पुढची तारीख मागायची.

सुरुवात बाथरूमपासून करावी, कारण पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि किमान 24 तास तसंच ठेवायचं. मग खालच्या, सहाव्या मजल्यावरच्या बाथरूमचं छत पाहायचं. इथेच एक गोष्ट सुटते. तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चुकलं असेल तर ओल खालच्याच्या छताला येणार आणि तुमच्या छताला जी येईल ती वरच्याच्या बाथरूमची असणार. म्हणजे तुमचा फ्लॅट तपासून तुमचं छत कळत नाही. आठव्या मजल्यावर पाणी भरून चाचणी केली होती का, केव्हा केली, त्याची नोंद आहे का, हे इंजिनिअरला विचारून उत्तर लिहून घ्यावं. बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर त्यातलं झाकण उघडून टॉर्चने पाइपांचे सांधे पाहावेत.

ट्रॅप मोकळा केल्यावर पाणी कसं जातं ते पाहायचं. आपल्या समजलेल्या फ्लॅटमध्ये मुख्य बाथरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी दहा मिनिटांनीही तसंच साचून राहिलं. म्हणजे उतार चुकला. हा दोष पुट्टीने किंवा सिलिकॉनने जात नाही. फरशी उखडून उतार पुन्हा द्यावा लागतो आणि उखडताना खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतर पाणी भरून पुन्हा चाचणी करायची, हेही त्याच नोंदीत लिहावं. पाणी तुंबून संथ जात असेल तर पाइपात सिमेंटचा राडा अडकल्याची शक्यता धरावी. मजूर हत्यारं धुतात ती बहुधा याच मोऱ्यांत.

मग खोल्यांच्या टाइल्स. लाकडी काठीच्या टोकाने किंवा नाण्याने प्रत्येक टाइलवर टकटक करत जायचं. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक पाच मिनिटांत कानाला कळतो. एखाद्या टाइलचा कोपरा किंचित पोकळ वाजला म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. पण मधला भाग पोकळ असेल किंवा सलग तीन-चार टाइल्स तशा वाजत असतील, तर खाली मसाला पूर्ण पसरलेला नाही आणि कपाटाचा पाय पडला की तिथे तडा जाणार. पोकळ टाइलवर खडूने फुली मारून फोटो काढावा. बदलून देताना त्याच लॉटच्या टाइल्स वापराव्यात असंही लिहावं, नाहीतर हॉलच्या मधोमध वेगळ्या छटेचा चौकोन कायमचा बसतो.

भिंतींवरच्या तड्यांमुळे लोक फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. ब्लॉकची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे मिळतात, तिथे सरळ उभी बारीक रेघ दिसली तर बहुतेक वेळा सांध्यावर गिलाव्याखाली जाळी नीट लावलेली नसते. हा कारागिरीचा दोष आहे, इमारतीला धोका नाही. नुसती पुट्टी भरली तर रेघ पुढच्या उन्हाळ्यात परत येते. सांधा खरवडून जाळी लावून गिलावा करायला सांगावं. बीम किंवा कॉलमवर तिरका तडा, तड्याच्या कडेला गंजाचा डाग किंवा काँक्रीट उडून दिसणारी सळई असेल, तर मात्र साइट इंजिनिअरच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय मागावा.

खिडक्यांचं खरं रूप जुलैत कळतं आणि आपलं पझेशन एप्रिलचं. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायची भोकं आहेत का, ती सिमेंटने बुजलीत का, बाहेरच्या कडप्प्याला उतार बाहेरच्या बाजूला आहे का, चौकट आणि भिंतीमधलं सिलिकॉन सलग आहे का, एवढं आत्ता पाहता येतं. हात पोचेल तिथे काचेवर बाहेरून पाणी ओतून बघावं. बाकी यादीत एक ओळ टाकावी : ‘बाहेरच्या भिंती व खिडक्या यांची पाहणी पावसाळ्यानंतर पुन्हा करण्यात येईल.’ हल्ली पाहणीसाठी थर्मल कॅमेरा घेऊन येणारे तज्ज्ञ मिळतात. पण कॅमेरा दाखवतो ते तापमानातला फरक, पाणी नव्हे. कोरड्या ठणठणीत भिंतीत तो पुढच्या पावसाची गळती शोधू शकत नाही.

विजेचं काम लवकर उरकतं. प्रत्येक सॉकेटमध्ये तीन पिनांचा सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग आहे का पाहावं आणि डीबीमधल्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहावं.

शेवटी टेप काढायची. करारात कार्पेट एरिया 62 चौरस मीटर होता, मोजल्यावर 60.8 भरला. घट दोन टक्क्यांच्या आत. महाराष्ट्राच्या आदर्श करारात तीन टक्क्यांपर्यंतच्या फरकाला मुभा आहे, पण मुभा म्हणजे माफी नव्हे. काम पूर्ण झाल्यावर अंतिम क्षेत्रफळानुसार किंमत पुन्हा ठरते आणि घट निघाली तर जादा घेतलेले पैसे 45 दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. मात्र मोजणी गिलाव्याच्या आधीच्या भिंतीपासून धरायची की नंतरच्या, हे करारात पाहून मगच आकडा लिहावा. आणि बाल्कनी रेराच्या कार्पेट एरियात येत नाही.

यादीत ‘बाथरूमचं काम खराब’ अशा ओळीचा उपयोग नसतो. ‘मुख्य बाथरूम, दाराच्या डाव्या कोपऱ्यात साधारण 2 फूट बाय 1 फूट जागेत पाणी साचतं, फोटो 14’ अशी ओळ नाकारता येत नाही. दोन प्रती करून एकीवर बिल्डरच्या माणसाची तारखेसह सही घ्यावी. तो सही देत नसेल तर तीच यादी फोटोंसह त्याच दिवशी ईमेल करावी. मग ताबा पावतीवर ‘तक्रार नाही’ हे शब्द खोडून ‘सोबतच्या यादीतील दोषांच्या अधीन राहून व सर्व हक्क राखून ताबा घेतला’ असं हाताने लिहावं. खोडू देत नसतील तर सहीखाली लिहावं. तेही नाकारलं तर ईमेल आहेच.

किरकोळ दोषांसाठी ताबाच घ्यायचा नाही, हा पवित्रा मात्र अंगाशी येतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणं हे रेराने ग्राहकाचंही कर्तव्य ठरवलं आहे. आदर्श करारानुसार, फ्लॅट तयार असल्याची लेखी सूचना आल्यावर पंधरा दिवसांनी देखभाल खर्चाचा वाटा सुरू होतो, तुम्ही किल्ली घेतलीत की नाही हे न पाहता. त्यामुळे जोर लावायचा तो पत्र आल्यापासून शेवटचा हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांत. पाहणी त्याच काळात उरकावी.

ओसीच नसेल तर गोष्ट वेगळी. ‘फिटआउट पझेशन’ वगैरे गोंडस नावाखाली किल्ली मिळत असेल तर ती नाकारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. मुंबईच्या समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी 1997 मध्ये ताबा घेतला होता. ओसी नसल्याने त्यांना वर्षानुवर्षं जादा दराने मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरावी लागली. ओसी न मिळवणं ही बिल्डरची सतत चालू राहणारी चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे त्यांच्या तक्रारीचा मार्ग मोकळा झाला.

ताबा उशिरा मिळाला असेल तर त्या उशिराचं व्याज ताब्याच्या दिवसापर्यंत मोजलं जातं, पण ताबा घेतल्याने तोवरचं व्याज बुडत नाही. बेंगळुरूच्या एका प्रकल्पात कंपनीचं म्हणणं होतं की ताबा आणि खरेदीखत हवं असेल तर भरपाईचा दावा सोडा. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट अवाजवी ठरवली आणि ताबा घेतलेल्या ग्राहकांनाही भरपाई दिली.

खरा धोका किल्लीनंतरच्या आठवड्यात असतो. इंटिरिअरवाला येतो आणि किचनची पाइपलाइन सरकवतो, बाथरूमच्या टाइल्स फोडतो. बिल्डरांच्या पुष्कळ करारांत अट असते की त्यांच्या लेखी संमतीशिवाय भिंती, पाइप, फिटिंग यांत फेरफार केला तर दोषदुरुस्तीची जबाबदारी आपोआप संपते. यादीतली दुरुस्ती पूर्ण झाल्याचं लेखी आल्याशिवाय कारागिरांना आत घेऊ नये आणि ओल्या जागांना हात लावायचाच असेल तर संमतीपत्र आधी मागावं. 30 दिवस उलटूनही दुरुस्ती झाली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला जोडायचे कागद म्हणजे सहीची यादी, फोटो, ईमेल आणि ताबा पावतीची प्रत.