समोर टाळ्या नसतात तेव्हा

पुण्यातल्या एखाद्या व्याख्यानमालेत पानशेतच्या पुरावर तासाभराचं भाषण चांगलं रंगतं. तेच भाषण आता बारा मिनिटांच्या व्हिडिओसाठी कॅमेऱ्याकडे बघून करायचं आहे. पहिला मोह होतो तो मजकूर पाचपट छाटण्याचा. पण खरी अडचण लांबीची नसते. सभागृहातल्या संहितेत श्रोत्यांनी भरायच्या जागा असतात आणि कागदावर त्या दिसत नाहीत.

त्या शोधायला जुनी संहिता मोठ्यानं वाचावी. समोरून काहीतरी येईल म्हणून आपण जिथे थांबतो, तिथे पेन्सिलीनं खूण करावी. पानशेतच्या भाषणाची सुरुवातच बघा: अध्यक्षांना, मान्यवरांना नमस्कार, मग ‘१९६१चा पूर ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करा.’ सभागृहात पाच-सात हात वर होतात आणि विषय जिवंत होतो. व्हिडिओत या वाक्यानंतर नुसती शांतता उरते, आणि वक्ता पुढचं विसरला की काय असं वाटतं. नमस्कार तर पूर्ण काढावेत. घरी मोबाइल धरून बसलेल्या माणसाला त्या अध्यक्षांशी काय देणंघेणं? थेट घटनेपासून सुरू करावं: ‘१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं, तेही धरण टिकलं नाही, आणि लोंढा पुण्यात शिरला.’

विनोदाचंही तेच. हशासाठी सोडलेली जागा काढली की निम्मे विनोद आपोआप गळतात. गळू द्यावेत. ‘मंडळी’, ‘आपण सगळे’ यांच्या जागी ‘तुम्ही’ येतं, कारण बघणारा बहुधा एकटा असतो. आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा नसतो. माइक सदऱ्यालाच लावलेला असतो.

सभागृहात पडद्याकडे हात करून ‘हे इथे पानशेत, हे खडकवासला’ म्हणता येतं. व्हिडिओत नजर लेन्सवरून हटली की समोरच्याशी बोलणं तुटतं. म्हणून संहितेचे दोन रकाने करावेत: डावीकडे दिसणारं चित्र, उजवीकडे बोलायची वाक्यं. नकाशा पूर्ण पडद्यावर आला की बोटाचं काम ‘धरणाच्या खाली, नदीच्या वाटेवर’ अशा शब्दांनी करावं लागतं.

एक गोष्ट संकलकाला विचारल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘आणि म्हणूनच’ किंवा ‘तर ते असं’ यांनी परिच्छेद सुरू केला, तर मधला भाग काढताना जोड उघडा पडतो. प्रत्येक परिच्छेद स्वतःच्या पायावर उभ्या वाक्यानं सुरू करावा. चुकलं तर चुकलेल्या शब्दापासून नव्हे, त्या वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा बोलावं.

टेलिप्रॉम्प्टर असेल तर ओळी आखूड ठेवाव्यात आणि कॅमेरा थोडा लांब. लांब ओळ वाचताना बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकतात, ते लगेच कळतं. आणि शेवटचं वाक्य संपल्यावर दोन सेकंद लेन्सकडेच बघत राहावं, ‘झालं का?’ असं विचारायला मान वळवली, तर संकलकाला ते वाक्यच कापावं लागतं.